सहाशे पाच मीटरचा हिशेब

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'ट्रिएस्टे' नावाच्या पाणबुडीवजा यानातून पॅसिफिक महासागराच्या तळाला टेकले. जागा होती मरियाना गर्तेतली चॅलेंजर डीप, पृथ्वीवरची सर्वांत खोल ठिकाणं मोजायला घेतली तर पहिलीच. खाली पोचायला त्यांना जवळजवळ पाच तास लागले. यानातल्या खोलीमापकानं आकडा दाखवला ३७,८०० फूट, म्हणजे ११,५२१ मीटर. जगभर हाच आकडा छापून आला. पुढे तज्ज्ञांनी हिशेब तपासला आणि तो १०,९१६ मीटरवर आणला. मधले ६०५ मीटर कागदावरून पुसले गेले.

खोलीमापक बिघडला नव्हता. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं, फक्त त्याचं काम खोली मोजणं नव्हतंच. तो मोजत होता दाब. समुद्रात फूटपट्टी सोडता येत नाही, म्हणून पाणी किती जोरानं दाबतंय ते बघायचं आणि त्यावरून डोक्यावर किती पाणी आहे ते काढायचं. ही पद्धत आजही तीच आहे. दाबाचं माप बरोबर असलं तरी दाबावरून खोलीकडे जाणारी वाट सरळ नाही, आणि ती सरळ का नाही, हे या ६०५ मीटरांचा एकेक तुकडा वेगळा काढला की कळतं.

शाळेत शिकवलेलं सूत्र सगळ्यांना आठवत असेल:

P = ρgh

दाब म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षण आणि खोली यांचा गुणाकार. घनता आणि गुरुत्वाकर्षण माहीत असलं की दाबाला त्या दोघांनी भागायचं, खोली मिळते. विहीर, धरण, तरणतलाव, सगळीकडे हे सूत्र इमानेइतबारे चालतं. पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे: वरपासून खालपर्यंत घनता एकच. म्हणजे तळाचं एक लिटर पाणी आणि पृष्ठभागाचं एक लिटर पाणी सारख्याच वजनाचं. चॅलेंजर डीपमध्ये हे गृहीत टिकत नाही.

पाणी दबतं, पण किती?

द्रवपदार्थ दाबले जात नाहीत, असं आपण धरून चालतो, आणि रोजच्या व्यवहारात ते खरंच असतं. गाडीचा ब्रेक त्याच भरवशावर चालतो. पण 'जवळजवळ दबत नाही' आणि 'अजिबात दबत नाही' यांत फरक आहे. इंग्लंडमधल्या जॉन कँटननं १७६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे प्रयोगानं दाखवून दिलं की पाणीही दबतं, फार थोडं, पण नक्की दबतं.

हे 'थोडं' म्हणजे किती, ते सांगणाऱ्या राशीला बल्क मॉड्युलस म्हणतात. सूत्रांत तिच्यासाठी K हे अक्षर वापरतात. एखादा पदार्थ सगळ्या बाजूंनी दाबला तर आपलं आकारमान कमी होऊ द्यायला तो किती विरोध करतो, त्याचं हे माप. K जितका मोठा तितका पदार्थ ताठ. समुद्राच्या थंड पाण्याचा K पृष्ठभागाच्या दाबाला सुमारे २.२ गिगापास्कल, म्हणजे २२,००० बार असतो. हा आकडा वाचायची सोपी रीत अशी: त्याचा शंभरावा भाग घ्या, २२० बार. एवढा दाब वाढला की पाण्याचं आकारमान एक टक्क्यानं घटतं. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, तेव्हा २२० बार म्हणजे जवळजवळ २,२०० मीटर खोली. सव्वादोन किलोमीटर खाली गेल्यावर हजार मिलिलिटर पाण्याचं ९९० मिलिलिटर होतं.

चॅलेंजर डीपच्या तळाशी दाब सुमारे १,१२५ बार असतो. तिथलं पाणी वर आणल्याशिवाय जागच्या जागी तोललं तर एका घनमीटरचं वजन सुमारे १,०७५ किलो भरेल. तेच थंड, खारट पाणी पृष्ठभागाच्या दाबाला १,०२८ किलो भरतं. म्हणजे वाढ साडेचार टक्क्यांच्या थोडी वर. या वाढीतला मीठ आणि थंडी यांचा वाटा आधीच १,०२८ मध्ये धरला आहे. पुढचे ४७ किलो निव्वळ वरच्या पाण्याच्या भारानं आत कोंबले गेलेले आहेत.

पूर्वी काहींची अशी समजूत होती की खोल समुद्रात पाणी इतकं दाट होत जातं की बुडालेली जहाजं तळाला न जाता मध्येच कुठेतरी तरंगत राहतात. वरचा आकडा ती समजूत एका फटक्यात निकाली काढतो. लोखंडाचं एक घनमीटर सुमारे ७,८०० किलो भरतं. त्याला अडवायला पाणी साडेसातपट दाट व्हायला हवं. ते होतं जेमतेम पाच टक्क्यांच्या आत.

अर्ध्याचं कोडं

घनता तळाशी साडेचार टक्क्यांनी वाढली, मग खोलीही साडेचार टक्क्यांनी कमी करायची का? पहिल्यांदा विचार करणारा बहुतेक जण इथेच अडखळतो. उत्तर आहे: नाही, साधारण निम्म्यानं.

गाद्यांची उंच चळत डोळ्यापुढे आणा. सगळ्यांत खालची गादी चेपून चपटी झालेली असते, सगळ्यांत वरची जशीच्या तशी फुगलेली. चळतीची एकूण उंची किती कमी झाली, हे खालच्या गादीकडे बघून सांगता येत नाही, सगळ्या गाद्यांची सरासरी घ्यावी लागते. पाण्याच्या स्तंभाचंही तेच. तळाचा थर पुरता दबलेला, पृष्ठभागाचा थर अजिबात नाही, आणि मधले थर आपापल्या खोलीप्रमाणे. दाब खोलीबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढतो, म्हणून सरासरी दबणं तळाच्या दबण्याच्या निम्मं येतं. यातून साध्या सूत्राची दुरुस्ती मिळते:

h ≈ (P / ρ₀g) × (1 − P / 2K)

इथे ρ₀ म्हणजे पृष्ठभागाच्या दाबाला असलेली घनता. पहिल्या कंसात शाळेतलं सूत्र आहे, दुसऱ्या कंसात बल्क मॉड्युलसनं केलेली वजाबाकी. K च्या मागे उभा असलेला २ म्हणजे वर सांगितलेली सरासरी.

तुकड्या-तुकड्यानं ६०५ मीटर

आता ट्रिएस्टेचा हिशेब मांडू. १०,९१६ मीटरवर आजच्या सर्वमान्य समीकरणानं दाब सुमारे १,१२५ बार, म्हणजे ११ कोटी २५ लाख पास्कल निघतो. हाच दाब हातात धरून, वाढत्या समजुतीनं, खोली पुन्हा काढत जाऊ.

पहिली पायरी, सगळ्यांत भाबडी: पाणी गोडं आहे, घनता १,००० किलो आणि गुरुत्वाकर्षण ९.८. भागाकार केला की खोली येते ११,४८० मीटर. ट्रिएस्टेच्या मापकानं दाखवलेल्या ११,५२१ शी हा आकडा चाळीसेक मीटरच्या फरकानं जुळतो. म्हणजे मापकाच्या तबकडीवरचे आकडे समुद्राचे नव्हतेच. न दबणाऱ्या गोड्या पाण्याचा हिशेब धरला तर जे आकडे येतात तेच ते होते.

दुसरी पायरी: मीठ आणि थंडी. घनता १,०२८ घेतली की खोली ११,१६७ मीटरवर येते. एका दमात ३१३ मीटर गेले. एकूण फरकातला निम्मा भाग इथेच संपला आणि यात दबण्याचा काहीच संबंध नव्हता. १०,९१६ पर्यंत पोचायला अजून अडीचशे मीटर काढायचे आहेत, आणि मीठ-थंडीच्या खात्यात आता काही शिल्लक नाही.

तिसरी पायरी: बल्क मॉड्युलस. K २२,००० बार घेतला तर P / 2K म्हणजे १,१२५ भागिले ४४,०००, सुमारे अडीच टक्के. ११,१६७ मधून २८५ मीटर वजा झाले आणि उरले १०,८८२. अपेक्षित उत्तर १०,९१६ होतं. आता आपण उलट्या बाजूला चुकलो, चौतीस मीटरनं. पाणी जरा जास्तच दाबलं गेलं.

हे का झालं? K स्वतःच एका जागी थांबत नाही म्हणून. पाण्याचे रेणू जवळ येतात तसतसं त्यांना आणखी जवळ आणणं कठीण होत जातं. दाब वाढतो तसं पाणी अधिकाधिक ताठ होतं. पृष्ठभागाशी २.२ गिगापास्कल असलेला K चॅलेंजर डीपच्या तळाशी सुमारे २.९ च्या आसपास जातो. म्हणून वरच्या सव्वादोन किलोमीटरमध्ये आकारमान एक टक्क्यानं घटतं, पण तळाजवळच्या तेवढ्याच जाडीच्या पट्ट्यात पाऊण टक्काच घटतं. अख्ख्या स्तंभासाठी एकच आकडा वापरायचा तर साधारण २.४ गिगापास्कल योग्य ठरतो. तो घेतला की वजाबाकी २६२ मीटरची होते आणि खोली १०,९०५ येते.

चौथी पायरी छोटी आहे. गुरुत्वाकर्षण सगळीकडे ९.८ नसतं. मरियाना गर्ता विषुववृत्ताजवळ, ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तिथे पृष्ठभागाला ते सुमारे ९.७८ भरतं. खाली जाताना ते किंचित वाढतं, कारण समुद्रात उतरणारा माणूस पृथ्वीच्या जड गाभ्याजवळ सरकतो आणि वर राहिलेलं पाणी तुलनेनं हलकं असतं. सगळ्या स्तंभाची सरासरी ९.७९५ धरली की सहा मीटर परत मिळतात: १०,९११. उरलेल्या पाच मीटरांत आपण आकडे सोपे करताना केलेली गोळाबेरीज आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा वरचा उबदार, हलका थरही आहे. आपण तो थंड धरला होता.

हिशेब जुळला. ६०५ पैकी साधारण ३१३ मिठाचे आणि थंडीचे, सुमारे २६० दबण्याचे, आणि बाकी गुरुत्वाकर्षण व मापकाची स्वतःची चूक यांच्यात विभागलेले.

पेट्रोलचं ओझं

ट्रिएस्टेच्या बांधणीतही बल्क मॉड्युलस बसलेला होता, फक्त तो पाण्याचा नव्हता. दोन माणसांची जड पोलादी गोळी वर उचलून धरायला तिच्यावर पेट्रोलनं भरलेली लांबलचक टाकी होती. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगवतं. टाकीची भिंत पातळ होती आणि खालून ती समुद्राला मोकळी होती, त्यामुळे आतबाहेर दाब सारखाच राही आणि टाकी चिरडली जात नसे. पण पेट्रोल पाण्यापेक्षा बरंच जास्त दबतं. यान खाली जाई तसं पेट्रोल आक्रसे, त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत समुद्राचं पाणी शिरे आणि यान आणखी जड होई. पाणीही दाट होत असल्यामुळे थोडी भरपाई मिळे, पण पुरेशी नाही. उतरण्याचा वेग आवरायला लोखंडी गोळ्यांचं ओझं थोडं थोडं सोडत जावं लागे. परत वर येताना हेच गणित उलटं चाले, पेट्रोल फुगे आणि यान वेग घेई.

दुसऱ्या वाटेनं पडताळा

दाबावरून काढलेली खोली चुकली आहे, हे कळणार कसं? दुसऱ्या पद्धतीनं मोजून. ब्रिटिश जहाज 'एचएमएस चॅलेंजर'नं १९५१ मध्ये आवाज सोडून, प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून याच भागाची खोली सुमारे १०,९०० मीटर काढली होती. ट्रिएस्टेचा आकडा त्याहून सहाशे मीटरनं जास्त होता. दोन मापांत इतकी तफावत असेल तर एकाचं रूपांतर चुकलेलं असणार, हे उघड आहे.

मौज अशी की प्रतिध्वनीच्या वाटेतही तोच K उभा आहे. पाण्यातला आवाजाचा वेग ताठपणा आणि घनता यांवरून ठरतो: c = √(K/ρ). २.२ गिगापास्कल आणि १,०२८ टाकले की वेग येतो सेकंदाला सुमारे १,४६० मीटर. तळाचे २.९ आणि १,०७५ टाकले की १,६४० च्या आसपास. खाली घनता वाढते, त्यामुळे वेग कमी व्हायला हवा होता. पण ताठपणा घनतेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून वेग वाढतो. सरसकट १,५०० मीटर धरून खोली काढली तर ती काही शे मीटरनं कमी येते. दाबाच्या पद्धतीत K कडे दुर्लक्ष केलं की समुद्र खऱ्याहून खोल वाटतो, आवाजाच्या पद्धतीत केलं की उथळ. चुकांच्या दिशा उलट्या असल्यामुळे दोन्ही मापं जुळली, तर दोन्हींच्या दुरुस्त्या बरोबर असल्याची खात्री वाटते.

आजचं समीकरण

आज कोणीही एका K वर भिस्त ठेवत नाही. ताठपणा दाबाबरोबर बदलतो तसाच तापमान आणि खारटपणाबरोबरही बदलतो. गोड्या पाण्यापेक्षा खारं पाणी थोडं कमी दबतं, आणि अगदी थंड पाण्यापेक्षा कोमट पाणीही कमी दबतं. हे सगळे बदल प्रयोगशाळेत मोजून युनेस्कोच्या पुढाकारानं १९८० मध्ये समुद्राच्या पाण्याचं एक प्रमाण समीकरण ठरवलं गेलं. २०१० मध्ये त्याची जागा अधिक नेमक्या समीकरणानं घेतली. समुद्रशास्त्राची जहाजं दोराला बांधून जे उपकरण खाली सोडतात ते दाब, तापमान आणि विजेची वाहकता मोजतं. वाहकतेवरून खारटपणा कळतो, तिन्हींवरून प्रत्येक थराची घनता काढतात आणि मग वरपासून खालपर्यंत थरांची बेरीज करून खोली मिळते.

या नोंदी बार्समध्ये नव्हे, डेसिबारमध्ये ठेवतात. त्यात एक सोय आहे: एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर. ही सोय फसवीही आहे. १९८३ मध्ये युनेस्कोनं प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार ३० अंश अक्षांशावर १०,००० डेसिबार म्हणजे ९,७१२.६५३ मीटर. हा आकडा संगणकावर लिहिलेला आपला हिशेब बरोबर चालतो की नाही ते तपासायला दिलेला आहे. ज्याला १०,००० आणि ९,७१३ मधला फरक दिसला नाही, त्यानं डेसिबारलाच मीटर समजून छापलेलं असतं.

चॅलेंजर डीपची खोलीही याच वाटेनं नव्यानं काढली गेली. २०२० मध्ये व्हिक्टर वेस्कोव्होच्या पाणबुडीनं तिथे अनेक फेऱ्या मारल्या. एका फेरीत अंतराळवीर आणि समुद्रशास्त्रज्ञ कॅथरीन सलिव्हन होत्या. त्यांचा सहभाग असलेल्या गटानं २०२१ मध्ये दाबाच्या नोंदींवरून काढलेला आकडा प्रसिद्ध केला: १०,९३५ मीटर, सहा मीटर इकडेतिकडे. अकरा किलोमीटरला सहा मीटर. इतक्या बारकाईत हवेचा दाब, भरती-ओहोटी आणि स्तंभातल्या प्रत्येक थराचं तापमान, सगळं हिशेबात धरावं लागतं.

कुठे विसरावं, कुठे विसरू नये

दुरुस्तीच्या सूत्राकडे पुन्हा बघा. वजा होणारा भाग खोली गुणिले दाब असा आहे, आणि दाब स्वतःच खोलीवर अवलंबून. म्हणून दुरुस्ती खोलीच्या वर्गानं वाढते. खोली दहापट झाली की दुरुस्ती शंभरपट. शंभर मीटरवर ती सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, हजार मीटरवर सव्वादोन मीटर, दहा हजार मीटरवर सव्वादोनशे मीटर, आणि K वाढत जातो म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी. मुंबईच्या पश्चिमेला, जिथे समुद्रातून तेल काढतात त्या मुंबई हायला समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. तिथे ही दुरुस्ती दीड सेंटिमीटरही भरत नाही. लाटाच त्याहून मोठ्या असतात.

पण भारत जे 'मत्स्य ६०००' हे माणसं नेणारं यान बनवतो आहे, त्याच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. त्याला ६,००० मीटर उतरायचं आहे. इथे खोली दिलेली आहे आणि दाब काढायचा आहे, म्हणजे दुरुस्ती वजा न होता जमा होते. शाळेतलं सूत्र १,०२८ धरून ६०४ बार सांगतं, खरा दाब सुमारे ६१२ बार असतो. आठ बार म्हणजे ऐंशी मीटर पाण्याचा जादा भार. यानाची गोळी भरपूर राखीव ताकद ठेवून बांधतात, त्यामुळे एवढ्यानं ती फुटणार नाही. तरीही यानाला 'सहा हजार मीटर' गाठल्याचा दाखला दाबमापकच देणार असेल, तर ६०४ वर थांबलेलं यान ऐंशीएक मीटर वरूनच परत फिरलेलं असेल.

शेवटी हेच सूत्र सगळ्या महासागराला लावून बघता येतं. महासागराची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर. त्या खोलीला P / 2K सुमारे ०.८५ टक्के, म्हणजे तीसेक मीटर. पाणी अजिबात दबणारं नसतं तर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा तेवढी वर असती, आणि खोल भागांचा वाटा धरला तर आणखी थोडी. कोकणातली बंदरं आणि मुंबईचा सखल भाग पाण्याखाली गेला असता. पाण्याचा K २.२ आहे, अमर्याद नाही, म्हणून ही जमीन कोरडी आहे.